पदर उलटा करून दाखवा: ऑनलाइन पैठणीचे पैसे भरण्याआधी फोटो कसे बघायचे

गेल्या रविवारी आमच्या मुलुंडच्या सोसायटीची मीटिंग होती आणि पार्किंगचा विषय काही केल्या संपेना, शेवटी सेक्रेटरी काकांनी वैतागून मला उभं केलं, म्हणाले तुमचं ते साडीचं सांगा तोपर्यंत चहा येईल. ते साडीचं म्हणजे काय, तर सी विंगमधल्या मावशींनी पुतणीच्या लग्नासाठी इन्स्टावर एक पैठणी पसंत केली होती, अर्धे पैसे अॅडव्हान्स भरणार होत्या, आणि त्याआधी लिफ्टमध्ये मला फोटो दाखवले म्हणून बरं झालं. मी दादरला एका साडीच्या दुकानात चौदा वर्षं काउंटरवर होते त्यामुळे साडीचं काही असलं की बिल्डिंगमधले लोक मलाच विचारतात. मावशींच्या परवानगीने तीच लिस्टिंग प्रोजेक्टरवर लावली आणि एकेक फोटो घेऊन बोलत गेले. नंतर बऱ्याच जणींनी लिहून द्या म्हटलं म्हणून हे सगळं नीट क्रमाने लिहितेय.

आधीच सांगते की मी सुद्धा फसलेय. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, नणंदेचं लग्नाचं पंचविसावं वर्ष, मी घरी बसून एका पेजवरून पैठणी मागवली. काउंटरवर एवढी वर्षं घालवून मी बघितलं काय, तर फक्त रंग आणि मोर. साडी आली, पदर उलटा केला तर मागे आख्खी नेट शिवलेली. परत घ्या म्हटलं तर म्हणे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कुठाय. तो कोण काढतं हो. तेव्हापासून मी फोटो बघताना आधी हे बघते की यात कुठली बाजू दाखवलेली नाहीये.

उलटी बाजू एवढी महत्त्वाची का

हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप समजतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

हातमागावर खरी पैठणी विणतात तेव्हा पदरातल्या प्रत्येक रंगाला वेगळी छोटी कांडी असते. मोराची मान निळी असेल तर निळा धागा त्या मानेपुरताच जातो आणि तिथूनच मागे वळतो, वळताना शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो. पुढच्या ओळीला परत तसंच. म्हणजे निळा रंग मानेच्या बाहेर कुठेच नाही, ना वर ना खाली. त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो, फक्त तोंड दुसऱ्या बाजूला. कुठेतरी बारीक गाठ किंवा धाग्याचं टोक दिसेल, ते असणारच, हाताचं काम आहे.

पॉवरलूमवर जॅकार्ड, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणारं यंत्र, लावून जो पैठणीसारखा पदर काढतात त्यात धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो. जिथे निळं दिसायला हवं तिथे तो वर येतो आणि बाकी सगळीकडे मागच्या बाजूला लोंबत राहतो. मग ते लोंबणारे धागे एकतर तसेच सोडतात, नाहीतर कापतात आणि मागे झालरीसारखी बारीक बारीक टोकं राहतात, किंवा बांगड्या-अंगठ्या अडकू नयेत म्हणून वरून नेट शिवून टाकतात. सुलट बाजूने मात्र दोन्ही साड्या फोटोत जवळजवळ सारख्या दिसतात, आणि म्हणूनच लिस्टिंगमध्ये दहा फोटो असले तरी दहाही सुलट बाजूचे असतात.

एक गोष्ट इथेच क्लिअर करते कारण मीटिंगमध्ये लगेच एका काकांनी विचारलं, म्हणजे पॉवरलूमची साडी नकली का? नाही हो. पॉवरलूमची साडी घ्या, नेसा, मी पण नेसते, पाऊस असेल तर तीच बरी. ती सेमी पैठणी म्हणून, त्या भावात विकली तर काहीच तक्रार नाही. नकली तेव्हा, जेव्हा ती हातमागाची येवल्याची म्हणून गळ्यात मारतात. 2010 मध्ये पैठणीला जीआय टॅग मिळाला, त्यामुळे हे नाव कोणीही कशालाही लावावं असं राहिलेलं नाही, कागदावर तरी.

आधी वाचायचं, मग बघायचं

फोटोवर जायच्या आधी खालची बारीक अक्षरं वाचा, यात दोन मिनिटं जातात आणि निम्म्या लिस्टिंग इथेच गळतात. वर ठळक अक्षरात 'प्युअर पैठणी' आणि खाली कापडाच्या रकान्यात आर्ट सिल्क, पॉली सिल्क, सिल्क ब्लेंड, सॉफ्ट लिची सिल्क यातलं काहीतरी. आर्ट सिल्क म्हणजे कलेचं वगैरे काही नाही, आर्टिफिशियल सिल्क, कृत्रिम धागा. विक्रेत्याने खालीच लिहून ठेवलेलं असतं, त्यामुळे नंतर भांडायला गेलात तर तो तेच दाखवणार.

मावशींच्या लिस्टिंगमध्ये असा रकानाच नव्हता, इन्स्टा पेज होतं ना. तिथे फक्त लिहिलेलं, हँडलूम येवला पैठणी, प्युअर सिल्क, 12,999 वर काट मारून 6,499, 50 टक्के अॅडव्हान्स. ठीक आहे म्हटलं, आधी भावाचा हिशोब करू. हातमागावर साध्यातली साधी पैठणी म्हणजे सुद्धा आठवड्यांचं काम, भरजरी पदर असेल तर महिने जातात. समजा पंधराच दिवस लागले आणि विणकराला दिवसाचे 400 रुपये मिळाले असं धरलं, तर नुसती मजुरीच 6,000 झाली. त्यात रेशीम आलं, जर आली, रंगाई आली, आणि मधल्या माणसाचा नफा. मग लिस्टिंगमध्ये दाखवलेला तो भरगच्च मोरांचा पदर 6,499 मध्ये बसतो कसा? छोटा साधा पदर आणि थेट विणकराकडून म्हणाल तर भाव खाली येतो हे मान्य, पण फोटोतल्या पदराला तो भाव लागत नाही. म्हणजे फोटो आणि भाव यातलं एक काहीतरी खोटं.

मग एकेक फोटो

पहिला फोटो मॉडेलचा. सगळे म्हणाले छान आहे. मी म्हटलं पदर कुठल्या खांद्यावर आहे बघा. उजव्या. आता गुजराती पद्धतीने पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतात, पण ही बाई तर आपल्यासारखा मागे सोडलेला पदर उजव्या खांद्यावरून घेऊन उभी होती, आणि घड्याळ पण उजव्या हातात. एखादी घालते उजव्या हातात, पण दोन्ही एकदम म्हटल्यावर मला शंका आली. फोटो आरशासारखा उलटवलेला. हे का करतात, तर चोरलेला फोटो सर्चमध्ये लगेच सापडू नये म्हणून. मागे दुकानाची पाटी किंवा कॅलेंडर असेल तर त्यावरची अक्षरं उलटी दिसतात का तेही बघायचं.

मग सर्च कसा करायचा. फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका, पण आख्खा फोटो टाकू नका. आख्ख्या फोटोवर ते तुम्हाला जगातल्या सगळ्या जांभळ्या साड्या दाखवतं आणि आपण म्हणतो छे, काही सापडलं नाही. चौकट लहान करून फक्त पदराचा तुकडा घ्या, जिथे घडीची एखादी चुणी किंवा वळलेला कोपरा दिसतोय असा. डिझाइन हजार साड्यांचं सारखं असू शकतं पण कापडाला पडलेली चुणी दोन फोटोंत तंतोतंत सारखी असेल तर तो फोटो एकच. निकालात Exact matches असा टॅब दिसला तर आधी तो उघडा. आणि फोटो उलटवलेला वाटत असेल तर फोनच्या एडिटमध्ये जाऊन तो परत उलटवा आणि पुन्हा सर्च करा.

आम्ही तेच केलं. पहिल्यांदा काहीच नाही. उलटवून केलं तर तोच पदर, तोच वळलेला कोपरा, तीन वेगवेगळ्या ठिकाणी, एकीकडे 2,100 ला, एकीकडे 2,850 ला, आणि तिसऱ्याने तर सरळ सेमी पैठणी असंच लिहिलेलं. हॉलमध्ये एकदम कुजबुज. पार्किंगवाले दोघे सुद्धा पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसले.

पण इथे एक जपून. फोटो दुसरीकडे सापडला म्हणजे विक्रेता चोरच असं नाही, कित्येक जणी घरबसल्या रीसेलिंग करतात आणि होलसेलरचेच फोटो टाकतात. आमच्याच डी विंगमधल्या वहिनी करतात आणि त्यांचा माल चांगला असतो. यातून कळतं ते एवढंच, की हा फोटो तुमच्या साडीचा नाही, आणि कदाचित त्या माणसाने ती साडी हातात पण धरलेली नाही.

दुसरा फोटो पदराचा क्लोजअप, त्याचं शेवटी सांगते.

तिसरा फोटो रंगांचा, एका फोटोत आठ साड्या, खाली लिहिलेलं कुठलाही रंग उपलब्ध. आठही साड्यांच्या घडीवर डावीकडे खाली एकच चुणी होती, त्याच जागी, तेवढ्याच लांबीची. म्हणजे साडी एकच आणि सात वेळा रंग बदललाय. ज्यांना चुणी शोधायला जमत नाही त्यांनी जरीचा धागा बघा, रंग बदलताना जरीवर पण थोडी छटा चढते, हिरव्या साडीची जर किंचित हिरवट आणि गुलाबीची गुलाबीसर दिसते.

चौथा साड्यांच्या थप्पीचा, एकाच डिझाइनच्या तीस-चाळीस, रेडी स्टॉक म्हणून. पंधरा दिवसांची एक धरली तरी चाळीस साड्या म्हणजे किती विणकर लागले ते तुम्हीच मोजा. मोठ्या दुकानात थप्प्या असतात पण त्यात दोन साड्या अगदी एकसारख्या मिळणं अवघड.

पाचवा फोटो टॅगचा, आणि सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. सिल्क मार्कचा टॅग होता. सिल्क मार्क खरा असला तरी तो सांगतो काय, तर कापड शुद्ध रेशमाचं आहे. हातमागाचं आहे असं तो सांगतच नाही, पॉवरलूमवर विणलेल्या शुद्ध रेशमाला पण तो लागतो. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. विक्रेते एक दाखवून दुसरं विकतात. आणि मावशींच्या फोटोत अजून एक गंमत, टॅग ज्या कापडावर ठेवलेला ते कापड मरून होतं आणि साडी जांभळी, आणि टॅगचा नंबर जिथे असतो तो भाग फोटोत नेमका कापलेला. टॅगचा फोटो म्हणजे टॅग साडीला बांधलेला दिसला पाहिजे आणि नंबर पूर्ण वाचता आला पाहिजे, नाहीतर तो फोटो धरायचाच नाही.

क्लोजअप कसा वाचायचा, आणि कुठे थांबायचं

आता तो दुसरा फोटो. पदराचा क्लोजअप मोठा करून बघायचा आणि दोन मोर शेजारी शेजारी ताडून बघायचे. हाताने विणलेल्या पदरात दोन मोर अगदी डिट्टो नसतात, एकाची चोच जराशी जाड, दुसऱ्याच्या पिसाऱ्यात एखादं घर कमी-जास्त. मशीनवर सगळे मोर छापल्यासारखे. शिवाय खऱ्या पदराची जमीनच जरीची असते आणि नक्षी त्या जरीत बसवल्यासारखी, सपाट दिसते, मशीनच्या पदरात नक्षीचे धागे कापडावर भरतकाम केल्यासारखे थोडे उठून येतात.

हे सगळं खरं, पण यावर एकट्यावर निकाल देऊ नका. एक तर व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोचा पार लगदा झालेला असतो, मोर मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. विक्रेत्याला सांगा की फोटो गॅलरीतून न पाठवता जोडणीच्या खुणेवर जाऊन Document म्हणून पाठवा, म्हणजे मूळ क्वालिटी येते. आणि दुसरं, चांगलं जॅकार्ड काम असेल तर क्लोजअपमध्ये मी सुद्धा गोंधळते, खोटं का सांगू.

जरीचा धागा खरा की टेस्टेड म्हणजे स्वस्त धातूचा, रेशीम शुद्ध की मिक्स, हे फोटोवरून कळत नाही. कोणी सांगत असेल की चमक बघून कळतं तर त्याला ऐकून सोडून द्या, रिंगलाइट लावला की गोणपाट पण चमकतं. एका आजोबांनी धागा जाळून बघायचं सुचवलं, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याची गोळी होते, बरोबर आहे, पण त्यासाठी साडी हातात पाहिजे ना आजोबा, आणि त्यातून सुद्धा रेशीम कळेल, हातमाग नाही कळणार.

म्हणून फिरून परत उलट्या बाजूवरच यायचं.

काय मागायचं आणि कसं मागायचं

नुसतं 'अजून फोटो पाठवा' म्हटलं तर अजून चार सुलट फोटो येतात. नेमकं मागा. मी मावशींना जो मेसेज टाइप करून दिला तो असा:

"ताई, जी साडी मला पाठवणार तिचाच एक व्हिडिओ हवाय. पदराचा कोपरा सुलट दाखवा, मग न थांबता तोच कोपरा उलटा करा आणि मोराच्या मानेजवळ कॅमेरा न्या. दिवसाच्या उजेडात, बाजूला कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहून ठेवा. नेट असेल तर कोपऱ्यातून थोडी उचलून दाखवा. मग लगेच पेमेंट करते."

यातली प्रत्येक गोष्ट कशाला ते सांगते. फोटोऐवजी व्हिडिओ यासाठी की फोटोत दुसऱ्याच साडीची उलटी बाजू चिकटवता येते, एका सलग व्हिडिओत हात कोपरा उलटताना दिसतो. मध्ये कट आला, एक सेकंद काळं झालं, कॅमेरा छताकडे गेला, तर परत मागा. कागदाची चिठ्ठी यासाठी की जुना व्हिडिओ फिरवून देता येऊ नये, आणि ती चिठ्ठी साडीवरच ठेवलेली असली पाहिजे, हात लागला की हलली पाहिजे, कारण फोटोवर नाव टाइप करून चिठ्ठी बनवणारे पण महाभाग आहेत. मोराच्या मानेजवळ यासाठी की तिथे दोन-तीन रंग एकत्र येतात, म्हणजे धागे लोंबत असतील तर तिथेच दिसतील. आणि शेवटचं वाक्य यासाठी की विक्रेत्याला वाटावं गिऱ्हाईक पक्कं आहे, ज्याच्याकडे साडी आहे तो दोन मिनिटांत व्हिडिओ काढून देतो, खरंच देतो, येवल्याचे कित्येक विणकर स्वतःहून उलटी बाजू आधी दाखवतात, त्यांना अभिमान असतो त्याचा.

बघताना फक्त पदराची नक्षी बघा, अंगावरच्या बुट्ट्यांवरून निकाल देऊ नका. हातमागाच्या साड्यांत पण हल्ली काठाला आणि बुट्ट्यांना जॅकार्ड लावतात आणि तिथे मागे कापलेले धागे दिसू शकतात. ब्रोकेड म्हणून जो प्रकार मिळतो त्यात तर असतातच. तेवढ्यावरून चांगल्या साडीला नकली म्हणून बसाल.

मावशींच्या विक्रेत्याचं उत्तर मीटिंग चालू असतानाच आलं. नऊ सेकंदांचा व्हिडिओ. सुलट पदर, हात कोपऱ्याकडे जातो, कट, आणि एकदम काठ दिसायला लागतो. मावशींनी परत विचारलं तर लिहिलं, "मॅडम उलटी बाजू कशाला बघताय, नेसणार सुलटच ना?" सगळा हॉल हसला.

टेबलावरच्या दोन साड्या

मग बी विंगच्या काकू उठून घरी गेल्या आणि स्वतःची लग्नातली पैठणी घेऊन आल्या, मलमलच्या कपड्यात गुंडाळलेली, आत लवंगा. त्यांच्या सासूबाईंनी दिलेली. ती टेबल टेनिसच्या टेबलावर पदर उलटा करून पसरली आणि मुलांना सांगितलं मोबाइलची टॉर्च मारा. मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, तशीच्या तशी, हिरवं अंग, लाल चोच, फक्त चोच दुसरीकडे. एका मुनियेच्या पोटाशी धाग्याचं इवलंसं टोक निघालेलं, ते मी सगळ्यांना बोट लावून दाखवलं. तिसरीतला एक मुलगा म्हणाला काकू हीच सुलट बाजू आहे, तुम्ही चुकीची टाकली. त्याला सुलट कुठली ते शेवटपर्यंत सांगता आलं नाही, आणि मला जे सांगायचं होतं ते त्यानेच सांगून टाकलं.

मग ए विंगच्या वहिनींना पण हुरूप आला आणि त्यांनी त्यांची आणली, दोन वर्षांपूर्वी ऑनलाइनच घेतलेली, 9,200 ची, येवल्याची म्हणून. उलटी टाकली. मागे नेट. नेटचा कोपरा फॉलजवळ थोडा उसवलेला होता तिथून टॉर्च मारली तर आत निळे-पिवळे-लाल धागे कापलेल्या केसांसारखे. कोणी काही बोलेना. वहिनी म्हणाल्या, "असू दे, रंग छान आहे," आणि घडी घालायला लागल्या. मी पण जास्त बोलले नाही, रेशीम शुद्ध असेल तर अगदीच पैसे पाण्यात गेले असं नाही, आणि ते मीटिंगमध्ये चार लोकांसमोर ठरवायची गोष्ट नाही. पण फोटोत काय शोधायचं ते या दोन साड्या शेजारी बघितल्यावर जितकं कळलं तितकं माझ्या बोलण्याने कळलं नसतं. तुमच्या घरात आजी-आईची जुनी पैठणी असेल तर खरेदीच्या आधी तिचा पदर उलटा करून मोबाइलने फोटो काढून ठेवा, आलेला व्हिडिओ त्याच्याशी ताडून बघता येतो.

साडी पास झाली तर, पैशाआधी दोन गोष्टी

इन्स्टा पेज असेल तर प्रोफाइलवरच्या तीन टिंबांवर जाऊन About this account उघडा. पेज कधी सुरू झालं आणि आधी नाव बदललंय का ते दिसतं. 'तीन पिढ्यांचा व्यवसाय' आणि पेज चार महिन्यांचं, आधी तीन वेळा नाव बदललेलं, असं असेल तर मी तिथेच थांबते. मोठ्या शॉपिंग साइटवर असाल तर विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि रिटर्नचे नियम उघडून वाचा, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ही माहिती दाखवणं त्यांना भागच आहे.

यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी समोरच्याचं बँकेतलं नाव स्क्रीनवर येतं, ते वाचा. पेजवर एक नाव, फोनवर बोलणाऱ्याचं दुसरं आणि बँकेत तिसरंच असेल तर विचारा. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे सेफ असं समजू नका, डिलिव्हरीवाला बहुतेक वेळा पैसे घेतल्यावरच पार्सल हातात देतो. आणि माझ्यासारखी चूक नको म्हणून पार्सल कापण्यापासून पदर उलटा करेपर्यंत सलग व्हिडिओ काढा, पाकिटावरचा पत्ता दिसेल असा. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन, आणि माल वेगळा आला आणि दाद देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन 1915. लिस्टिंगचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट पैसे भरायच्या आधीच काढून ठेवा, नंतर पोस्ट डिलीट झालेली असते.

एवढं होईपर्यंत चहा थंड झाला आणि पार्किंग परत सुरू झालं. मावशींनी पैसे भरले नाहीत. सोमवारी त्या विक्रेत्याचा मेसेज आला, मॅडम स्टॉक संपत आलाय, तुमच्यासाठी 5,499. मंगळवारी 4,999. काल रात्री 3,800 फ्री शिपिंग. उलट्या बाजूचा व्हिडिओ काही अजून आलेला नाही, मावशी म्हणतात मागत राहणार, बघू कुठपर्यंत उतरतो ते.